बांधावरच्या झाडांत किती कार्बन? टेप, काठी आणि लाकडाच्या घनतेवरून काढायचा हिशोब

अमळनेर तालुक्यात मामांचं वावर आहे. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा मका आणि मध्ये जुना मातीचा बांध. त्यावर दोन निंब, एक बाभूळ, एक गावठी आंबा आणि एक बोर. गेल्या हिवाळ्यात ही पाच झाडं मी मोजली. झाडं कमी होती म्हणून प्रत्येकापाशी थांबून, चुकून, परत मोजून काम करता आलं. इथे तोच हिशोब पहिल्या पायरीपासून मांडतो. पद्धत समजली की बांध पाच झाडांचा असो की पन्नास, काम तेच राहतं.

झाड तोडून, वाळवून, तोलून त्याचं वजन काढता येतं, पण त्यासाठी झाड मारावं लागतं. ते टाळण्यासाठी संशोधकांनी हजारो झाडं एकदाच तोडून तोलली आणि त्यांची जाडी, उंची, लाकडाची घनता आणि वजन यांचं नातं सूत्रात बसवलं. अशा सूत्राला अ‍ॅलोमेट्रिक समीकरण म्हणतात. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दिलेलं समीकरण. त्यामागे जगभरातल्या ५८ ठिकाणची ४,००४ झाडं आहेत. त्याला तीनच गोष्टी लागतात: व्यास, उंची आणि लाकडाची घनता. आपलं खरं काम या तीन गोष्टी नीट मिळवण्याचं आहे. पुढचा गुणाकार मोबाइलसुद्धा करतो.

घेर

शिंप्याकडचा टेप चालतो, पण तो ताणला की लांबतो. फायबरचा टेप घ्या. मोजायची उंची जमिनीपासून १.३ मीटर. भारतीय वनविभागाची जुनी सवय १.३७ मीटरची आहे, म्हणजे साडेचार फूट. दोन्हींत फरक किरकोळ पडतो, पण आपल्या सगळ्या झाडांना आणि पुढच्या प्रत्येक वर्षी एकच उंची ठेवायची. मी १.३ मीटर उंचीची बांबूची काठी कापून घेतली. ती खोडाला टेकवायची, वरच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि तिथे टेप खोडाला काटकोनात फिरवायचा. टेप मागच्या बाजूने खाली घसरतो, म्हणून पलीकडे जाऊन एकदा पाहायलाच हवं.

बांधावर "जमीन" कुठली, हा प्रश्न लगेच येतो. झाड बांधाच्या उतारावर असेल तर खोडाच्या वरच्या बाजूच्या मातीपासून मोजायचं. पावसाने बांध धुपून मुळं उघडी पडली असतील तर काठी मुळांच्या जोडापासून धरायची, कारण उघडं मूळ म्हणजे खोड नव्हे. नेमक्या त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर थोडं वर सरकून गुळगुळीत जागी मोजा आणि किती वर सरकलात ते वहीत लिहा.

घेराला ३.१४१६ ने भागलं की व्यास मिळतो. ही पायरी विसरणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. घेरच व्यास म्हणून भरला गेला तर उत्तर सव्वानऊ पटींहून जास्त फुगतं. मामांच्या मोठ्या निंबाचा घेर १३२ सेंटीमीटर आहे, म्हणजे व्यास ४२. व्यासाच्या जागी १३२ भरले तर त्या एका झाडाचं वाळलेलं वजन साडेपाच टन येतं. बैलगाडीतून लाकूड वाहिलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच शंका येईल, आणि ती यायलाच हवी. उत्तर आलं की आधी ते डोळ्यांसमोरच्या झाडाशी ताडून पाहा.

बोरीला जमिनीपासूनच तीन फुटवे होते, घेर ४०, ३४ आणि २८. इथे घेरांची बेरीज करून १०२ लिहिण्याचा मोह होतो, आणि मामांनीही तेच सुचवलं. पण वजन घेराच्या प्रमाणात नाही, साधारण घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून प्रत्येक घेराचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं: १६०० + ११५६ + ७८४ = ३५४०, वर्गमूळ ५९.५. तीन फुटव्यांच्या बोरीचा समतुल्य घेर एवढाच. १०२ धरला असता तर बोर जवळजवळ तिप्पट जड झाली असती.

उंची

घेरापेक्षा उंचीत चुका जास्त होतात, पण त्या महागात कमी पडतात. घेरात दहा टक्के चूक झाली तर वजनात वीस टक्के फरक पडतो. उंचीतल्या दहा टक्क्यांनी दहाच पडतो. म्हणून वेळ घेरावर घालवा, पण उंची अंदाजाने "दोन माळे असेल" अशी लिहू नका.

कोनमापक, मधोमध बांधलेला दोरा आणि त्याला लटकवलेला नट एवढ्यात काम होतं. कोनमापकाच्या सरळ कडेवरून शेंड्याकडे नेम धरायचा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकतो ते दुसऱ्याने वाचायचं. उभा राहिलात तिथून खोडापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. मोठ्या निंबापासून मी १२ मीटरवर कापसात उभा होतो आणि कोन ३५ अंश आला. त्याचा टॅन्जंट ०.७००, म्हणून १२ × ०.७०० = ८.४ मीटर. त्यात माझ्या डोळ्यांची उंची १.५५ मिळवली तर ९.९५ होतात. पण झाड बांधावर आहे आणि त्याचा बुंधा मी उभ्या असलेल्या वावरापेक्षा ४५ सेंटीमीटर वर आहे. तेवढे वजा केले, राहिले ९.५ मीटर. बांधावरच्या झाडांसाठी ही शेवटची वजाबाकी विसरू नका, छोट्या झाडात तिने बराच फरक पडतो.

पसरट झाडाजवळ उभं राहिलं की शेंडा दिसतच नाही. दिसते ती आपल्या बाजूला झुकलेल्या फांद्यांची कड, आणि तिच्यावर नेम धरला की उंची वाढीव येते. आंब्याच्या बाबतीत माझं पहिलं माप साडेदहा मीटर आलं होतं. मागे सरकून, झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावरून पाहिलं तेव्हा खरा शेंडा दिसला आणि माप साडेआठवर आलं. दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी घेणं चांगलं.

घनता: इथे आकडा उसना घेतला जातो

निंब आणि पांगारा एकाच जाडीचे असले तरी वजनाने वेगळे, हे सरपण फोडणाऱ्याला सांगावं लागत नाही. समीकरणात हा फरक घनतेतून येतो. पण कुठली घनता? इथे हवी ती मूलभूत घनता: पूर्ण वाळवलेल्या लाकडाचं वजन भागिले ओल्या, ताज्या अवस्थेतलं आकारमान, ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. वखारीतला माणूस किंवा सुतारकामाचा तक्ता जो आकडा सांगतो तो बहुधा हवेत वाळलेल्या, सुमारे १२ टक्के ओल असलेल्या लाकडाचा असतो. तो आकडा तसाच वापरला की कार्बन वाढून दिसतो. तसा आकडा हाती असेल तर ०.८२८ ने गुणा. उदाहरणार्थ ०.८० चे ०.६६ होतात.

तक्त्यांतून घेताना जातीचं शास्त्रीय नाव तपासा. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत काही वेळा पूर्ण गणाला मिळून एक आकडा दिलेला असतो. निंबाच्या अझाडिरॅक्टा गणासाठी ०.५२ असा आकडा फिरतो, पण या गणात आग्नेय आशियातली दुसरी, हलक्या लाकडाची जातही आहे. आपल्या निंबाचं लाकूड त्याहून जड. ०.५२ धरला असता तर मामांच्या निंबांचं वजन पाचव्या हिश्श्याने कमी आलं असतं.

म्हणून निंबासाठी मी स्वतः मोजायचं ठरवलं. विजेच्या तारेखाली येणारी एक जाड फांदी त्याच आठवड्यात तोडली होती. तिचा मनगटाहून जाड, वीतभर लांब तुकडा घेतला, साल काढली आणि सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळला. घरी किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर पाण्याने अर्धं भरलेलं भांडं ठेवून काटा शून्य केला. तुकड्यात सुई टोचली आणि तिला धरून तुकडा पाण्यात पूर्ण बुडवला, पण भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही. टेकला की काटा भलतंच दाखवतो. काट्यावर ४१२ ग्रॅम आले. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक घनसेंटीमीटर, तेव्हा आकारमान ४१२.

मग वाळवणं. उन्हात वाळवलेलं लाकूड पुरेसं कोरडं होत नाही. ओव्हनमध्ये १०३ ते १०५ अंशांवर ठेवून, लागोपाठच्या दोन तोलांत वजन बदलेनासं होईपर्यंत थांबायचं. कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असा ओव्हन असतो. माझा तुकडा तीन दिवसांनी २७१ ग्रॅमवर स्थिरावला. २७१ भागिले ४१२ म्हणजे ०.६६. फांदीची आणि खोडाची घनता अगदी सारखी नसते, त्यामुळे शक्य असेल तर तीन-चार तुकडे घेऊन सरासरी काढावी.

बाकीच्या झाडांना तोडण्याचं कारण नव्हतं, तेव्हा तक्त्यातल्या आकड्यांशी जुळणारे धरले: बाभूळ ०.७०, बोर ०.६८, आंबा ०.५३. वहीत प्रत्येक आकड्यापुढे "मोजलेला" की "उसना" ते लिहिलं. सहा महिन्यांनी हेच विसरतं.

समीकरणात भरणं

शाव्हचं सूत्र असं आहे. D व्यास सेंटीमीटरमध्ये, H उंची मीटरमध्ये, r घनता. उत्तर येतं ते जमिनीवरच्या वाळलेल्या वजनाचं, किलोत.

```
AGB = 0.0673 * (r * D^2 * H)^0.976
```

स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात घेर, C मध्ये उंची, D मध्ये घनता ठेवली तर घेराचा व्यास करणं सूत्रातच बसवता येतं, म्हणजे तो विसरण्याची भीती उरत नाही:

```
=0.0673*(D2*(B2/PI())^2*C2)^0.976
```

मोठ्या निंबाचं पाहू. व्यास ४२.०२, त्याचा वर्ग सुमारे १७६५. त्याला ९.५ आणि ०.६६ ने गुणलं की ११,०७० च्या आसपास येतात. त्याचा ०.९७६ घात ८,८५३ आणि त्याला ०.०६७३ ने गुणलं की ५९६ किलो. बाकीची झाडं तशीच काढली:

| झाड | घेर (सेंमी) | उंची (मी) | घनता | वाळलेलं वजन (किलो) |
|---|---|---|---|---|
| निंब, मोठा | १३२ | ९.५ | ०.६६ | ५९६ |
| निंब, धाकटा | ८८ | ८ | ०.६६ | २२८ |
| बाभूळ | ७५ | ७ | ०.७० | १५५ |
| आंबा | १६५ | ८.५ | ०.५३ | ६६७ |
| बोर | ५९.५ | ४.५ | ०.६८ | ६२ |

बेरीज १,७०८ किलो. आंबा निंबापेक्षा घेराने ३३ सेंटीमीटर मोठा आहे, वावरातून पाहताना तो दुपटीने भारी वाटतो, पण वजनात तो फक्त ७१ किलोंनी पुढे आहे. हलक्या लाकडाने त्याची जाडी खाऊन टाकली. आणि दोन झाडांतच बांधाच्या एकूण वजनाचा पाऊण हिस्सा आहे. एखाद्या लांब बांधावर वेळ कमी असेल तर जाड झाडं दोनदा मोजा, बारीक रोपांवर घाई झाली तरी एकूण आकडा फारसा हलत नाही. पाच सेंटीमीटरपेक्षा कमी व्यासाची रोपं या सूत्रात घालूच नका, ते त्यांच्यासाठी बनलेलं नाही. शिंदी आणि केळीलाही ते लागू पडत नाही, कारण त्यांचं खोड लाकडाचं नाही.

आता मुळं. ती खोदून तोलणं शक्य नाही, म्हणून प्रमाण वापरतात. जगभरच्या मोजमापांत मुळांचं वजन वरच्या वजनाच्या सरासरी ०.२६ पट आलेलं आहे. मी तेच धरलं: १,७०८ × १.२६ = २,१५२ किलो. कोरड्या काळ्या जमिनीत झाडं मुळं जास्त खोल नेतात, तेव्हा हा आकडा कमीच असण्याची शक्यता आहे. वाळलेल्या लाकडाचा ०.४७ हिस्सा कार्बन असतो, म्हणजे १,०११ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर ४४ भागिले १२ ने गुणायचं, ३,७०९ किलो. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांत साडेतीन पटींहून जास्त अंतर आहे. कोणी "बांधावर इतके टन" म्हणालं तर कशाचे टन, हे आधी विचारा.

या आकड्यावर किती विसंबायचं

शाव्हचं सूत्र जंगलातल्या झाडांवर उभं आहे. जंगलात झाड दाटीत सरळ वाढतं. बांधावर त्याला चहूबाजूंनी ऊन मिळतं, म्हणून फांद्या जाड आणि पसरलेल्या होतात. त्यांचं वजन सूत्राला नीट दिसत नाही. पश्चिम केनियात शेतांमधली झाडं तोलून २०१२ साली एक वेगळं सूत्र काढलं गेलं. त्याला उंची आणि घनता लागत नाही, फक्त व्यास लागतो:

```
AGB = 0.0905 * D^2.4718
```

मोठ्या निंबाला ते लावलं तर ५९६ च्या जागी सुमारे ९३२ किलो येतात, दीडपटीहून जास्त. दोन्हींपैकी एकच बरोबर असं ठरवायला माझ्याकडे आधार नाही. केनियातला तो भाग आपल्यापेक्षा पावसाचा आहे आणि आपल्या बांधावरची झाडं छाटलेली असतात. मी शाव्हचा आकडा पुढे ठेवतो आणि दुसरा शेजारी लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाजाची रुंदी दिसते.

छाटणीचं मात्र खरंच अवघड आहे. खानदेशात निंब आणि बाभळीचा पाला शेळ्या-मेंढ्यांसाठी दरवर्षी तोडला जातो, शिवाय पिकावर सावली नको म्हणून एका बाजूच्या फांद्या उतरवतात. शेंडाच उडवला असेल तर उंची कमी होते आणि सूत्र आपोआप वजन कमी दाखवतं. पण शेंडा शाबूत ठेवून बाजूच्या फांद्या तोडल्या असतील तर घेर तोच, उंची तीच, आणि सूत्र नसलेल्या फांद्यांचंही वजन देतं. मामांची बाभूळ अशीच होती, दक्षिणेकडची बाजू पूर्ण रिकामी. तिच्यावर मनाने टक्केवारी लावून वजन कापण्यापेक्षा मी "एका बाजूने छाटलेली" असा शेरा लिहिला आणि फोटो ठेवला. जुन्या आंब्या-महूच्या खोडावर लाकडाने ठोकून पोकळ आवाज येतो का तेही पाहा. सूत्राला पोकळी दिसत नाही.

एकट्या झाडासाठी शाव्हच्या सूत्राची चूक तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा थोडी जास्तही होऊ शकते, वर किंवा खाली. झाडं वाढली की या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी पुसतात. घनता चुकीची धरली किंवा सगळ्या उंच्या वाढीव मोजल्या तर मात्र चूक एकाच दिशेची होते आणि कितीही झाडं मोजली तरी ती पुसली जात नाही.

आकडा हेक्टरी सांगावा की बांधाच्या लांबीवर, हेही ठरवा. मी बांधाच्या लांबीवर सांगतो. हेक्टरी सांगताना शेताचा आकार बदलला की उत्तर बदलतं, आणि पुष्कळदा झाड नेमकं कुणाचं हेही ठरलेलं नसतं. धाकट्या निंबाबद्दल शेजारच्या आप्पांनी विचारलं, "भाऊ, हा निंब तुमच्याकडे लिहिला का? याचं बी माझ्या बाजूला पडलं होतं." मग ते झाड सामायिक म्हणून लिहिलं आणि दोन्ही घरांच्या हिशोबात अर्धं अर्धं टाकलं, नाहीतर ते दोनदा मोजलं गेलं असतं.

पुन्हा मोजताना

दरवर्षी मोजून वाढ काढण्याची घाई नको. मोठ्या निंबाच्या घेरात एक सेंटीमीटर चुकलं तर सुमारे ९ किलो इकडेतिकडे होतात. तो वर्षात तीन सेंटीमीटर वाढला तर भर पडते सुमारे २७ किलोंची. म्हणजे एका सेंटीमीटरच्या चुकीत वाढीचा तिसरा हिस्सा बुडतो. तीन ते पाच वर्षांनी मोजा, त्याच महिन्यात, त्याच खुणेवर. मोजण्याच्या रेषेवर तेलरंगाचा पट्टा ओढून ठेवा. खिळा ठोकू नका, त्याच्याभोवती खोड फुगतं आणि पुढचं माप बिघडतं. पट्टा सालीबरोबर निघून जातो, विशेषतः बाभळीचा, म्हणून बुंध्यापासूनची उंची आणि झाडाचं बांधाच्या टोकापासूनचं अंतर वहीतही लिहायचं. मामांच्या बांधाची वही आता त्यांच्या कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीत आहे, पुढच्या मापाची तारीख मागच्या पानावर.